परिचारिकेचा गोपनीय अहवाल आणि रात्रपाळीचा हिशेब

मार्च महिना संपत आला की सरकारी रुग्णालयांतील अधिसेविकांच्या मेजावर कार्यमूल्यमापन अहवालांचे गठ्ठे जमू लागतात. ‘गोपनीय अहवाल’ हे त्यांचे जुने नाव अद्याप सर्वांच्या तोंडी आहे आणि ते सार्थही आहे. कारण कागद आता संबंधित कर्मचाऱ्यास दाखवावा लागत असला, तरी तो ज्या रीतीने लिहिला जातो ती रीत पूर्वीइतकीच झाकलेली आहे. परिचारिकेच्या बाबतीत हे अहवाल प्रायः चार गोष्टींविषयी बोलतात : रुग्णसेवा, सहकाऱ्यांशी वर्तन, नोंदी आणि फिरत्या पाळ्यांतील नियमितता. प्रत्येक गोष्टीसाठी एखादी ओळ असते. ती ओळ लिहिणारी व्यक्ती वर्षभर कामात बुडालेली असते, शंभरावर परिचारिकांचे अहवाल तिला पंधरवड्यात उरकावयाचे असतात, आणि ज्या परिचारिकेविषयी ती लिहिते तिला रात्री दोन वाजता काम करताना तिने बहुधा कधीच पाहिलेले नसते. मग आठवते ते फेब्रुवारी-मार्चमधले, आणि लिहिले जाते ते कानावर आलेले.

या चार ओळींवर बरेच अवलंबून असते. पदोन्नतीचा आणि १०, २० व ३० वर्षांच्या सेवेनंतरच्या आश्वासित प्रगतीचा विचार करताना मागील काही वर्षांची प्रतवारी पाहिली जाते. म्हणून या ओळींची छाननी भावनेने न करता हिशेबाने केली पाहिजे. त्यासाठी एक उदाहरण घ्यावे. उदाहरण रचलेले आहे. पण कोणत्याही जिल्हा रुग्णालयाच्या कक्षात काही वर्षे काढलेल्या अधिपरिचारिकेला ते परके वाटणार नाही.

स्त्री शस्त्रक्रिया कक्ष. मंजूर खाटा ३०. प्रत्यक्ष रुग्ण ४४, म्हणजे चौदा जणी जमिनीवर गाद्या टाकून. सकाळची पाळी ८ ते २, दुपारची २ ते ८, रात्रीची ८ ते सकाळी ८. रात्री एक अधिपरिचारिका आणि एक आया. त्या अधिपरिचारिकेचा वर्षाचा अहवाल असा : ‘रुग्णसेवा साधारण. वरिष्ठांशी वाद घालण्याची प्रवृत्ती, सहकार्याचा अभाव. नोंदी अपूर्ण ठेवते. कामावर वारंवार उशिरा येते.’ खाली प्रतवारीचे अक्षर ‘ब’.

यांतील ‘नोंदी अपूर्ण’ हा शेरा प्रथम तपासावा, कारण चारही शेऱ्यांत तोच सर्वांत वस्तुनिष्ठ दिसतो. तक्त्यातील चौकोन रिकामा आहे की भरलेला, हे कोणालाही पाहता येते; त्यात पक्षपाताला जागा कुठे, असे वाटते. परंतु तो चौकोन भरण्यास किती वेळ लागतो हे कोणी विचारीत नाही. रुग्णाची नाडी पूर्ण एक मिनिट मोजावयाची, श्वासही पूर्ण एक मिनिट, तापमान आणि रक्तदाब घ्यावयाचा, आणि टीपीआर तक्त्यावर लिहावयाचे, याला घाईने का होईना चार मिनिटे लागतात. रात्री दहा, दोन आणि सहा अशा तीन फेऱ्या धरल्या, तर ४४ रुग्णांसाठी ५२८ मिनिटे झाली. त्यांतील ३२ जणींना रात्रीतून दोनदा इंजेक्शन असेल, आणि केसपेपर पाहणे, औषध विरघळवणे, शिरेतील सुई तपासणे व देणे यांसाठी पाच मिनिटे धरली, तर आणखी ३२० मिनिटे. बेरीज ८४८. बारा तासांच्या रात्रीत मिनिटे असतात ७२०. यात सलाईन बदलणे नाही, अपघात विभागातून येणारा नवा रुग्ण नाही, ओव्हर देण्याघेण्याचा तासभर नाही, आणि पाणी पिण्यासही वेळ नाही.

म्हणजे त्या रात्री दोनपैकी एकच गोष्ट शक्य आहे. एक तर काही चौकोन रिकामे राहतील, किंवा काही चौकोन रुग्णाला हात न लावता भरले जातील. तिसरा मार्ग अंकगणितात नाही. जो अहवाल रिकाम्या चौकोनाला शिक्षा करतो आणि भरलेला चौकोन कसा भरला हे पाहत नाही, तो खोटे लिहिण्यास बक्षीस देतो. हे कोणी ठरवून करीत नाही. पण वर्षानुवर्षे हेच होत गेले, की नव्याने रुजू झालेली मुलगी पहिल्या महिन्यातच शिकते की पहाटे पाच वाजता खुर्चीवर बसून ओळीने ‘९८.४, ८०, २०’ लिहावे. कोणी विचारत नाही.

खोटी नोंद ओळखता येते, आणि ती ओळखणे हे खरे तर कक्षाच्या परिसेविकेचे कौशल्य आहे. श्वासाचा आकडा हा सर्वांत बोलका असतो. कारण तो मोजण्यास कंटाळा येतो आणि त्यासाठी यंत्र नसते. चव्वेचाळीस जणींचा श्वास मिनिटाला २० असूच शकत नाही. ताप असलेल्या, दम लागलेल्या, पोटावर टाके असलेल्या स्त्रिया आणि बरी होऊन उद्या घरी जाणारी स्त्री एकाच लयीत श्वास घेत नाहीत. नाडीचे सर्व आकडे सम असतील, तर निदान ती अर्धा मिनिट मोजून दुप्पट केली आहे असे समजावे. ते खोटे नव्हे, पण पूर्ण मोजलेलेही नव्हे. सर्व नोंदींवर वेळ नेमकी ‘६.००’ असेल तर तीही संशयास्पद, कारण एका माणसाला चव्वेचाळीस खाटा फिरण्यास जवळजवळ तीन तास लागतात. आणि जी रुग्ण त्या वेळी क्ष-किरण विभागात नेलेली होती तिचीही नाडी तक्त्यात आढळली, तर मग विचारण्यासारखे काही उरतच नाही. अशी तपासणी करावयास महिन्यातून एकदा पाच केसपेपर पुरेसे आहेत. अहवालात ‘अक्षर सुवाच्य, तक्ते नीटनेटके’ असे लिहिणाऱ्यांनी ती केलेली असते असे दिसत नाही.

आता आपल्या उदाहरणातील परिचारिकेने काय केले ते पाहावे. तिने त्या ४४ जणींची मनाशी वाटणी केली. त्याच दिवशी शस्त्रक्रिया झालेल्या सहा जणींकडे दर तासाला जाणे, तापाच्या आणि सलाईन चालू असलेल्या स्त्रियांच्या तिन्ही फेऱ्या करणे, आणि ज्या दोन दिवसांत घरी जाणार होत्या त्यांना दोन वाजता न उठवणे. ज्यांची नाडी घेतली नाही त्यांच्या तक्त्यावर तिने आकडा लिहिला नाही. ‘झोपलेली, श्वास शांत, नाडी घेतली नाही’ असे लिहिले. हे वाक्य पूर्ण नोंद आहे. पुढच्या पाळीला त्यातून नेमके कळते की काय पाहिले गेले आणि काय नाही. तक्ता चाळणाऱ्याला मात्र तेथे आकड्याची जागा रिकामी दिसते.

याच वाटणीमुळे एका रात्री एक जीव वाचला, आणि गंमत अशी की ‘वाद घालण्याची प्रवृत्ती’ हा शेरा त्याच रात्रीचा आहे. सायंकाळी पोटाची शस्त्रक्रिया होऊन आलेली एक पन्नाशीची स्त्री. रात्री अकराला तिची नाडी ८८, रक्तदाब ११८/७६. बाराला नाडी ९६, रक्तदाब ११२/७४. एक वाजता नाडी ११२, रक्तदाब १०४/७०. यांतला एकेक आकडा सुटा घेतला तर भिण्याजोगे काही नाही. एक वाजताची नाडी दुखण्यानेही वाढू शकते. भीती आहे ती आकड्यांच्या दिशेत. नाडी चढत आहे आणि दाब उतरत आहे. ड्रेसिंग कोरडे होते, म्हणून वरून रक्त दिसत नव्हते. पण लघवीच्या पिशवीत मागच्या तासात जेमतेम २० मिलिलिटर जमले होते, आणि त्या वजनाच्या बाईला तासाला निदान २५ ते ३० व्हावयास हवी होती. हातपाय गार लागत होते. पोटाच्या आत रक्त जात असले पाहिजे, हा संशय येण्यास एवढे पुरते; मात्र तासाची नोंद घेतलेली असेल तरच. दहा आणि दोन या दोनच फेऱ्या झाल्या असत्या, तर दोन वाजता कोसळलेली रुग्ण दिसली असती.

तिने १ वाजून ५ मिनिटांनी कॉल बुक पाठवले. ड्यूटीवरील डॉक्टर अपघात विभागात अडकलेले होते. त्यांनी फोनवरून सलाईनचा वेग वाढवण्यास सांगितले. तिने तो आदेश केसपेपरवर ‘फोनवरून, वाचून दाखवला’ असे लिहून वेळेसह नोंदवला आणि पाळला. दीड वाजता नाडी १२४, रक्तदाब ९२/६०. तिने पुन्हा फोन केला आणि म्हणाली, ‘सर, सलाईनने दाब धरत नाही. तुम्ही येऊन पाहा, नाहीतर मी सर्जनसरांना फोन लावते.’ पलीकडून काय उत्तर आले ते येथे महत्त्वाचे नाही. तिने सर्जनना फोन लावला. ते १ वाजून ५० मिनिटांनी आले आणि अडीच वाजता रुग्ण पुन्हा शस्त्रक्रियागृहात होती.

सकाळी डॉक्टरांनी तक्रार केली की सिस्टर उद्धटपणे बोलल्या आणि आपल्याला डावलून वर गेल्या. रुग्ण वाचली ही गोष्ट कोणी तक्रारीला उत्तर म्हणून लिहिली नाही, कारण वाचलेल्या रुग्णाविषयी चौकशी होत नसते. वर्षअखेरीस त्या तक्रारीचे ‘सहकार्याचा अभाव’ झाले. येथे डॉक्टरवर सर्व दोष टाकणेही अन्यायाचे होईल. अपघात विभाग आणि चार कक्ष यांसाठी रात्री एकच डॉक्टर असणे हा त्यांचा अपराध नव्हे. पण दोघांपैकी खालच्या पायरीवर उभी असलेली व्यक्तीच अहवालात दोषी ठरली, हे लक्षात ठेवले पाहिजे. रुग्णालयातील सहकार्य म्हणजे गोड बोलणे आणि मान खाली घालणे, अशी समजूत ज्या अहवालाने धरली आहे, तो सहकार्य मोजतच नाही. तो आज्ञाधारकपणा मोजतो, आणि स्त्रियांच्या बाबतीत तो अधिक काटेकोरपणे मोजतो. सहकार्य तपासावयाचे असेल तर ओव्हर देताना कोणकोणत्या गोष्टी सांगितल्या गेल्या ते ऐकावे : कोणत्या खाटेवर काय बिघडू शकते, कोणता नमुना प्रयोगशाळेत गेला व कोणता राहिला, कोणाची सलाईन किती वाजता संपेल. पाच मिनिटे उभे राहून हे ऐकले, की जे वर्षाच्या अहवालात येत नाही ते कळते.

‘रुग्णसेवा साधारण’ हा शेरा वरील रात्रीपुढे हास्यास्पद वाटेल. पण तो कोठून आला हेही पाहावे. त्या वर्षी कक्षात तीन रुग्णांना पाठीवर शय्याव्रण झाले आणि चौकशीत चार परिचारिकांची नावे आली, त्यांत हिचेही होते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. म्हणजे एका दिवसात बारा वेळा, तीन पाळ्यांत, निरनिराळ्या हातांनी. पाच दिवसांनी जखम दिसली, तर साठ वेळांपैकी कोणती वेळ चुकली आणि ती कोणाची होती? याला उत्तर नाही. अनेकांनी मिळून केलेल्या कामाचे फळ एकेकाच्या नावावर वाटता येत नाही, ही अर्थशास्त्रातली जुनी अडचण आहे आणि रुग्णालयाचा कक्ष हे तिचे उत्तम उदाहरण आहे. शय्याव्रणाचा दर हा कक्षाचा आकडा आहे, आणि तो कक्षावर, त्यातील माणसांच्या संख्येवर व उपलब्ध गाद्यांवर काहीतरी सांगतो. व्यक्तीविषयी बोलावयाचे तर व्यक्तीने केलेली विशिष्ट कृती सांगितली पाहिजे.

याच वर्षातली आणखी एक घटना आहे. तिला औषधांच्या ट्रेमध्ये, इंजेक्शनसाठीच्या पाण्याच्या ॲम्प्यूलमध्ये मिसळलेले पोटॅशियम क्लोराइडचे एक ॲम्प्यूल आढळले. दोन्ही सारख्या आकाराची, दोन्हींतला द्रव पाण्यासारखा. पोटॅशियम क्लोराइड भरपूर सलाईनमध्ये मिसळून सावकाश द्यावयाचे असते; तेच तसेच शिरेत सोडले तर हृदय थांबते. म्हणूनच ही ॲम्प्यूल सर्वसाधारण कक्षात ठेवू नयेत, किंवा ठेवलीच तर वेगळ्या कपाटात ठेवावीत, असे जगभरातील सुरक्षिततेचे नियम सांगतात. तिने लेखी कळवले. चौकशी झाली ती ट्रे कोणी लावला याची, आणि त्या आठवड्यात ट्रे लावण्याचे काम तिच्याकडेही असल्यामुळे ज्ञापन तिलाच मिळाले. जिने ॲम्प्यूल मुकाट्याने उचलून जागेवर ठेवले असते तिची फाईल कोरी राहिली असती. रुग्णालयातील धोके वर कळावेत असे वाटत असेल, तर जिने स्वतः कळवले तिच्या अहवालात ती घटना दोष म्हणून येता कामा नये. एवढा एकच नियम पाळला तरी कक्षातून येणारी माहिती बदलेल.

आता नियमितता. या शेऱ्यामागे बायोमेट्रिक यंत्राचा कागद जोडलेला असतो, म्हणून त्याला आव्हान देणे कठीण वाटते. उदाहरणातील परिचारिकेने वर्षात २४० पाळ्या केल्या आणि ९ वेळा ती उशिरा आली. नऊपैकी सात उशीर सकाळच्या पाळीचे होते, आणि त्या साताही वेळा आदल्या दिवशी तिची दुपारची पाळी होती. दुपारची पाळी कागदावर रात्री ८ ला संपते. ओव्हर देऊन निघेपर्यंत साडेआठ होतात. बसने घरी पोचेपर्यंत साडेनऊ. मग स्वयंपाक, मुले. सकाळी ८ ला हजर राहावयाचे तर पावणेसातला घर सोडावे लागते. दोन पाळ्यांमध्ये विश्रांती मिळाली साडेअकरा तासांहून कमी, आणि त्यांतली झोप फार तर सहा तास. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७७ साली परिचर्या कर्मचाऱ्यांसंबंधी जी शिफारस केली, तिच्यात दोन पाळ्यांमध्ये सलग निदान १२ तासांची विश्रांती असावी असे म्हटले आहे. त्याच वर्षीच्या करारास भारताने मान्यता दिलेली नाही. सात उशिरांचे कारण व्यक्तीच्या आळसात शोधण्यापूर्वी ते ड्यूटीच्या तक्त्यात शोधावे लागते, ते यासाठी.

पाळ्या कोणत्या क्रमाने फिरतात यालाही महत्त्व आहे. सकाळ, मग दुपार, मग रात्र असा पुढे सरकणारा क्रम शरीराला तुलनेने सोसतो, कारण झोप पुढे ढकलणे हे ती मागे ओढण्याहून सोपे असते. दुपारनंतर सकाळ, रात्रीनंतर एक दिवस सोडून पुन्हा सकाळ, असा उलटा क्रम लावला की माणूस आठवडाभर अर्धवट जागा राहतो. रात्रपाळीत पहाटे ३ ते ५ या वेळी सावधपणा सर्वांत कमी असतो, आणि सहाच्या फेरीची औषधे काढण्याची वेळ त्यालाच लागून येते. कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने रात्रपाळीचे काम ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात २००७ साली घातले आणि २०१९ साली ते वर्गीकरण कायम ठेवले. नियमिततेचा शेरा लिहिणाऱ्याने निदान एवढे नमूद करावे, की वर्षात तिला किती रात्री लागल्या आणि त्या कशा क्रमाने लागल्या.

यंत्र आणखी एक गोष्ट नोंदवते, जी अहवालात येत नाही. ते जाण्याची वेळही नोंदवते. त्याच कागदावर दिसते की त्या परिचारिकेने ६१ वेळा पाळी संपल्यावर अर्ध्या तासाहून अधिक काळ थांबून काम केले. कधी पुढची सहकारी रजेवर होती, कधी ओव्हर देताना रुग्ण बिघडला. एकाच कागदाचा डावा स्तंभ वाचावयाचा आणि उजवा झाकावयाचा, याला हिशेब म्हणत नाहीत. मातृत्वाची रजा, बालसंगोपनाची रजा आणि आजारपणाची मंजूर रजा यांना ‘सतत रजेवर असते’ असे नाव देणे तर सरळ गैर आहे. ती रजा नियमानेच मिळालेली असते.

ही सर्व अडचण मुळात माणसांच्या संख्येची आहे, आणि तिचे गणित फारसे अवघड नाही. कक्षात एक परिचारिका रात्रंदिवस वर्षभर हजर हवी, तर ८७६० तास भरावे लागतात. साप्ताहिक सुट्ट्या, सणांच्या सुट्ट्या, अर्जित व किरकोळ रजा वजा जाता एक परिचारिका सुमारे २५० दिवस, म्हणजे सरासरी आठ तासांनी २००० तास काम करते. म्हणून एक जागा सतत भरलेली ठेवण्यास चारांहून अधिक, आणि दोन जागा भरलेल्या ठेवण्यास जवळजवळ नऊ परिचारिका लागतात. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण सर्वसाधारण रुग्णालयासाठी ५ खाटांमागे १ परिचारिका आणि वर ३० टक्के रजा-राखीव असे आहे. शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांत ३ खाटांमागे १. तीस खाटांना पहिल्या प्रमाणाने सहा आणि राखीव धरून आठ होतात. ‘पाचांमागे एक’ याचा अर्थ कोणत्याही क्षणी पाच रुग्णांजवळ एक परिचारिका असा नसतो, ती तीन पाळ्यांत वाटली जाते, ही गोष्ट सभागृहात आकडे वाचून दाखवणारे मंत्री सांगत नाहीत. उदाहरणातील कक्षात आठांऐवजी सहा होत्या, आणि खाटा तीस असल्या तरी रुग्ण चव्वेचाळीस. न भरलेल्या दोन जागांची टिपणी सचिवालयात कोणाच्याही अहवालात झाली नाही. ती झाली एका अधिपरिचारिकेच्या अहवालात, ‘नोंदी अपूर्ण’ या शब्दांत.

यावरून परिचारिकांचे मूल्यमापनच नको असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो रुग्णाचा घात करील. जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या बाईला दुसरे रुग्णालय परवडत नाही. तिची सेवा वाईट झाली तर ते लिहिले गेलेच पाहिजे, आणि संघटनेने अशा परिचारिकेच्या मागे डोळे मिटून उभे राहू नये. प्रश्न कसे लिहावे हा आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ साली एक पद्धत मांडली. युद्धकाळात वैमानिकांच्या निवडीच्या कामातून ती त्यांना सुचली होती. माणसाच्या स्वभावाविषयी विशेषणे गोळा करण्याऐवजी, काम विशेष चांगले वा विशेष वाईट झाले अशा प्रत्यक्ष घटना टिपाव्यात, असे तिचे सार. कक्षात हे करण्यास एक वही पुरते. परिसेविकेने घटना घडली त्याच आठवड्यात तारीख, वेळ, त्या वेळचे रुग्ण व ड्यूटीवरील संख्या आणि केलेली कृती दोन ओळींत लिहावी, ती परिचारिकेला वाचून दाखवावी व तिची सही घ्यावी. चांगली घटनाही लिहावी, वाईटही. वर्षाला एकेकीच्या नावावर आठ-दहा नोंदी झाल्या, तरी मार्चमध्ये आठवणीवर विसंबावे लागत नाही.

अशी वही असती तर त्या परिचारिकेचा अहवाल कसा झाला असता? ‘रुग्णसेवा : शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांचे दर तासाला निरीक्षण करते. एका रात्री ४४ रुग्ण असताना अंतर्गत रक्तस्राव दोन तासांत ओळखला व उपचार मिळवून दिले. मात्र दोन प्रसंगी सलाईनच्या जागेवरील सूज वेळेत पाहिली गेली नाही. ती नातेवाईकांनी दाखवली. दोन्ही वेळा एकटी ड्यूटीवर होती, तरीही औषध देण्यापूर्वी जागा तपासण्याची सवय अधिक पक्की करावी. सहकार्य : फोनवरील आदेश वेळेसह लिहून वाचून दाखवते. तातडीच्या वेळी वरिष्ठांना स्पष्टपणे बोलावते. ओव्हर नेमका देते. नोंदी : ज्या घेतल्या त्या खऱ्या आहेत, ज्या घेतल्या नाहीत त्या तशा लिहिल्या आहेत. इंटेक-आउटपुट तक्त्याची बेरीज सकाळी करण्यास अनेकदा राहते. नियमितता : २४० पाळ्यांत ९ उशीर, त्यांपैकी ७ दुपारनंतर लगेच लावलेल्या सकाळच्या पाळीत. ६१ वेळा वेळेनंतर थांबली.’ यात तिची स्तुतीच आहे असे नाही. सलाईनची सूज ही खरी उणीव आहे, आणि ती सांगितल्याने पुढच्या वर्षी तिला काय बदलावयाचे ते कळते. ‘साधारण’ या शब्दाने काहीच कळत नाही.

कायद्याने एक दार उघडलेले आहे आणि त्याची माहिती कार्यकर्त्यांनी कक्षाकक्षांत पोचवावी. पूर्वी केवळ प्रतिकूल शेरे कळवले जात. ‘ब’ हे अक्षर प्रतिकूल नव्हे, म्हणून ते कळवले जात नसे. पण पदोन्नतीस त्याहून वरचे अक्षर हवे असले की ते अक्षर मुकाट्याने वाट अडवी. देव दत्त नावाच्या सीमा रस्ते विभागातील अभियंत्याचे नेमके हेच झाले : त्यांचा एका वर्षाचा शेरा ‘चांगला’ होता, पदोन्नतीसाठी ‘अतिशय चांगला’ हवा होता, आणि तो शेरा त्यांना कळवलेला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २००८ रोजी (योगायोगाने तो परिचारिका दिन होता) निर्णय दिला, की चांगला असो वा वाईट, प्रत्येक शेरा संबंधितास कळवला पाहिजे, म्हणजे त्याविरुद्ध निवेदन करता येईल. २०१३ साली सुखदेव सिंग यांच्या प्रकरणात तीन न्यायाधीशांच्या पीठाने हेच मत कायम केले. केंद्र सरकारने २००९ साली आपल्या कर्मचाऱ्यांसाठी संपूर्ण अहवाल दाखवण्याचा व निवेदनास १५ दिवस देण्याचा आदेश काढला.

निवेदन करावयाचे तर त्यात ‘मजवर अन्याय झाला’ एवढेच लिहून भागत नाही. पुनर्विलोकन करणारा अधिकारी ते बाजूला ठेवतो. ज्या तारखांविषयी शेरा आहे त्या तारखांची रुग्णसंख्या रोजच्या गणना-वहीतून घ्यावी, ड्यूटीच्या तक्त्याची प्रत जोडावी, कॉल बुकातील वेळा द्याव्यात, बायोमेट्रिकच्या दोन्ही स्तंभांची मागणी करावी. ही कागदपत्रे रुग्णालयाचीच आहेत, त्यामुळे ती नाकारणे अवघड जाते. अनेक अधिपरिचारिका आता स्वतःच्या छोट्या डायरीत पाळीगणिक तीन आकडे टिपतात : रुग्ण किती, हजर परिचारिका किती, प्रत्यक्ष सुटका किती वाजता झाली. रुग्णाचे नाव वा आजार त्यात लिहू नये, तो रुग्णाचा खासगी भाग आहे.

कंत्राटी परिचारिकांना मात्र हे दार जवळजवळ बंदच आहे. त्यांचा करार वर्षभराच्या आतला, आणि मूल्यमापनाचे गुण पुढील करारासाठी पाहिले जाणार. ज्या शेऱ्याने कायम परिचारिकेची पदोन्नती लांबते, त्याच शेऱ्याने कंत्राटी परिचारिकेची नोकरी जाते. निवेदन करीपर्यंत जागेवर दुसरी आलेली असते. मे २०२२ मध्ये राज्यातील परिचारिकांनी बाह्यस्रोतातून भरती करण्याविरुद्ध संप केला, तेव्हा वेतन आणि नोकरीची शाश्वती यांची चर्चा झाली. रात्री एक वाजता सर्जनना फोन लावण्याचे धैर्य कराराच्या शेवटच्या महिन्यात असलेल्या मुलीला होईल का, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. कंत्राटी असो वा कायम, अहवालाच्या प्रत्येक नमुन्यावर पहिलाच रकाना असा हवा : या कक्षातील मंजूर पदे, भरलेली पदे, मंजूर खाटा आणि वर्षाची सरासरी रुग्णसंख्या. तो भरल्याखेरीज पुढचे रकाने उघडू नयेत.